ॲप उडवू नका, रजा टाका

ऑगस्टमधल्या एका रात्री साडेअकराच्या सुमारास मी डेटिंग ॲपवर एका माणसाला मेसेज केला, "आईचं ऑपरेशन कसं झालं?" दोन मिनिटांनी त्याचं उत्तर आलं. "कुठलं ऑपरेशन? माझी आई मागच्या वर्षी गेली."

ऑपरेशन दुसऱ्याच कुणाच्या तरी आईचं होतं, गुडघ्याचं. त्याने मला ते आठ दिवस आधी सांगितलं होतं, तारीखही सांगितली होती, आणि त्या तारखेला मी त्याला काहीही विचारलं नव्हतं. दोघांत साम्य एवढंच की दोघांचाही पहिला फोटो सिंहगडावरचा होता आणि दोघांच्याही अंगात निळं जर्किन होतं. ज्याची आई गेली होती त्याला मी सॉरी लिहिलं. त्याने काही उत्तर दिलं नाही, आणि ते बरोबरच होतं. पण मला हादरवलं ते त्यापुढच्या गोष्टीने. सॉरी पाठवून मी मागे गेले आणि आणखी दहा मिनिटं स्वाइप करत राहिले. मला वाईट वाटायला हवं होतं. ते वाटलं दुसऱ्या दिवशी, दुपारच्या जेवणाच्या वेळी, डबा उघडल्यावर. मधले बारा तास आत काहीच हललं नव्हतं.

मी बत्तीस वर्षांची आहे, मूळची कराडची, नोकरीसाठी पुण्यात राहते आणि दोन वर्षांपासून डेटिंग ॲप वापरते. लग्न करायची इच्छा आहे, पण वधू-वर सूचक मंडळात पत्रिका देऊन नाही. आधी माणूस कळावा, एवढीच अपेक्षा. त्या दुपारी मी फोनमधला स्क्रीन टाइम उघडून पाहिला. रोजचा सरासरी वापर एक तास चाळीस मिनिटं. आठवड्याचे जवळजवळ पावणेबारा तास. आणि मागच्या दीड महिन्यात प्रत्यक्ष भेटले किती जणांना, तर दोघांना.

अशा वेळी आपल्यातले बहुतेक जण एकच गोष्ट करतात. ॲप उडवतात. मी दोन वर्षांत पाच वेळा उडवलं होतं. रागात, रात्री उशिरा, "बास झालं आता" असं म्हणून. आणि पाचही वेळा बारा-पंधरा दिवसांच्या आत परत घेतलं होतं, बहुतेकदा रविवारी संध्याकाळी. म्हणून मला ठामपणे वाटतं की थकल्यावर ॲप उडवणं ही विश्रांती नव्हे. नोकरीत थकलेला माणूस जशी रजा टाकतो, अर्ज करून, हातातली कामं कुणाच्या तरी हवाली करून, परत कधी येणार ते सांगून, तशी रजा या गोष्टीतूनही घ्यायला हवी. तिची तारीख हवी, तयारी हवी, आणि ती घेता येईल अशी सोय देणं ॲपवाल्यांवर बंधनकारकही हवं.

आधी हा बधिरपणा येतो कुठून ते पाहू, कारण आपण तो स्वतःच्या स्वभावाच्या खात्यावर टाकतो. "मीच कोरडी झालेय," असं मला वाटत होतं. नेदरलँड्समधल्या टिलबर्ग विद्यापीठातल्या तिला प्रोंक आणि याप डेनिसेन या दोन संशोधकांनी 2019 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांना एकामागून एक फोटो आणि प्रोफाइल दाखवायचे आणि पसंत की नापसंत एवढंच विचारायचं. पहिल्या प्रोफाइलपासून शेवटच्या प्रोफाइलपर्यंत जाताना पसंती मिळण्याची शक्यता सरासरी 27 टक्क्यांनी घसरली. म्हणजे पुढे येणारी माणसं वाईट नव्हती. पाहणाऱ्याचं मन हळूहळू नकाराच्या सवयीत बसत गेलं होतं. आपल्याकडे साड्यांच्या दुकानात चाळिसावी साडी उलगडली की जे होतं तेच. फरक इतकाच, की साडीवाला मध्येच थांबतो, पाणी विचारतो, घड्या घालायला लागतो. ॲप थांबत नाही.

दुसरी गोष्ट बक्षिसाची. बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. चोच मारल्यावर दाणा कधी मिळेल आणि कधी नाही, हे ठरलेलं नसलं, की कबुतर जास्त चिवटपणे चोच मारत राहतं. स्वाइपची कल्पना ज्यांची, त्या टिंडरच्या सहसंस्थापक जोनाथन बडीन यांनी 2018 च्या एका माहितीपटातल्या मुलाखतीत या कबुतरांच्या प्रयोगाचा उल्लेख स्वतःच केला आहे. मॅच कधी होईल ते माहीत नसतं, म्हणून अंगठा थांबत नाही. मला माणूस आवडत नव्हता तरी अंगठा चालू होता, याचं कारण मला तिथे सापडलं.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात जवळची वाटली. नोकरीतल्या बर्नआउटचा अभ्यास करणाऱ्या क्रिस्टिना मॅस्लॅक यांनी त्याची तीन अंगं सांगितली आहेत. माणूस भावनेने रिकामा होतो, समोरच्या माणसांकडे वस्तूसारखं पाहायला लागतो आणि आपल्या हातून काही होत नाही असं त्याला वाटतं. त्यांनी हे नर्स, शिक्षक, समाजसेवक अशा, माणसांशी सतत संबंध येणाऱ्या लोकांबद्दल मांडलं. बारा तासांची ड्युटी केलेली नर्स पेशंटला नावाऐवजी "सात नंबरचा गुडघा" म्हणायला लागते, तो क्षण आठवा. मी एका गुडघ्याचा मुलगा दुसऱ्याच माणसाला करून बसले होते. मला आळस आला नव्हता की मी उद्धट झाले नव्हते. माझ्यावर माणसांचा इतका मारा झाला होता की माणूस दिसेनासा झाला होता.

हे मान्य केलं तर उपाय आपोआप बदलतो. फोटो बदला, बायो नीट लिहा, दुसरं ॲप घ्या, हे सगळे सल्ले थकलेल्या नर्सला दुसऱ्या वॉर्डात पाठवण्यासारखे आहेत. तिला रजाच लागते.

मी ती अशी घेतली. तारीख ठरवली अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवसापासून पाडव्यापर्यंत, म्हणजे साधारण साडेसहा आठवडे. आठ-दहा दिवस पुरत नाहीत हे मला आधीच्या पाच वेळांवरून कळलं होतं. तेवढ्यात फक्त राग उतरतो, सवय नाही. सुरुवात मुद्दाम गणपतीनंतर, कारण ते दहा दिवस घरी माणसांचा राबता असतो आणि नंतरचं रिकामेपण मला उघड्या डोळ्यांनी बघायचं होतं.

ॲप काढून टाकण्याआधी प्रोफाइल थांबवलं. हे फार लोकांना माहीत नसतं की फोनवरून ॲप काढलं तरी खातं तसंच राहतं. तुमचा फोटो लोकांना दिसू शकतो, ते पसंती देत राहतात, आणि तुम्ही परत आलात की तो सगळा ढीग समोर उभा राहतो. रविवारी संध्याकाळी मला ओढून नेणारी गोष्ट तीच होती. बंबलमध्ये स्नूझ आहे, त्यात 24 तास, 72 तास, एक आठवडा किंवा बेमुदत असं निवडता येतं. हिंजमध्ये पॉज आहे. टिंडरमध्ये सेटिंगमधून आपलं कार्ड नव्या लोकांना दाखवणं बंद करता येतं. यातल्या कशानेही जुन्या मॅच जात नाहीत, खातं डिलीट केलं तर मात्र जातात. पैसे भरून वापरत असाल तर सबस्क्रिप्शन वेगळं रद्द करावं लागतं, प्ले स्टोअर किंवा ॲपलच्या सबस्क्रिप्शनच्या पानावर जाऊन. माझ्या कार्डावरून ॲप काढल्यानंतरही एकदा दोन महिने पैसे गेले होते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेची सूचना किमान 24 तास आधी यायला हवी, आणि ती आलीही होती, पण बाकीच्या मेसेजांत मी ती वाचलीच नव्हती.

मग हवाली करायची कामं. त्या वेळी माझं चार जणांशी बोलणं चालू होतं. चौघांनाही लिहिलं की मी पाडव्यापर्यंत इथे नाही, दमले आहे, कुणावर राग नाही. नंबर कुणाला दिला नाही. दिला असता तर रजा व्हॉट्सॲपवर सरकली असती. दोघांनी अंगठा पाठवला, एकाने मॅच तोडली. चौथा तो, ज्याच्या आईचं ऑपरेशन होतं. त्याला मी खरं काय झालं ते लिहिलं. तुझ्या आईबद्दल विचारायचं होतं, ते दुसऱ्याच माणसाला विचारलं गेलं, आणि त्याला फार लागलं असणार.

पहिला आठवडा हाताचा असतो, मनाचा नाही. पीएमपीत बसल्यावर अंगठा फोनवरच्या त्याच कोपऱ्यात जायचा, जिथे पूर्वी ॲप होतं. चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की मी रील्स पाहतेय आणि हालचाल तीच आहे, फक्त डावी-उजवीऐवजी खाली-वर. इथेच बऱ्याच जणांची रजा फुकट जाते आणि कळतही नाही. कळायचा मार्ग एकच, ॲपचा नव्हे तर फोनचा एकूण स्क्रीन टाइम बघायचा. डेटिंग ॲपचे पावणेबारा तास गेले आणि एकूण आकडा तेवढाच राहिला, तर तुम्ही फक्त वॉर्ड बदललात. माझा पहिल्या आठवड्यात अवघ्या दोन तासांनी उतरला होता. मी रील्सवर वीस मिनिटांची मर्यादा लावली, तेव्हा तिसऱ्या आठवड्यात तो खरा खाली आला.

दुसऱ्या आठवड्यात जे झालं त्याची मला कुणी कल्पना दिली नव्हती. मला एकटं वाटायला लागलं. रूममेट गावी गेली होती, रविवार होता, खिचडी टाकली आणि कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता रडू आलं. आधीच्या वेळांना याच क्षणी मी ॲप परत घेतलं होतं, कारण मला वाटायचं की रजा जमत नाहीये. या वेळी ते उलट वाचलं. ऑगस्टमध्ये एका माणसाची गेलेली आई माझ्या हातून उकरली गेली तरी मला काही वाटलं नव्हतं, आणि आता साध्या रविवारी रडू येत होतं. सुन्न झालेल्या पायात मुंग्या येतात तेव्हा त्रास होतो, पण पाय परत येत असतो. त्या संध्याकाळी मी कराडला आईला फोन केला. ती पाऊण तास शेजारच्या काकूंच्या सुनेबद्दल बोलली. तो पाऊण तास मी ऐकत होते, आणि कुठल्या काकू, कुठली सून, हे मला सगळं लक्षात राहिलं.

आता आक्षेपांकडे. सगळ्यात मोठा आक्षेप माझ्या आत्याचा आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. "वय थांबतं का ग? दीड महिना वाया." बत्तिशीतल्या मुलीला हे वाक्य लागतं, कारण त्यात तथ्य आहे. पण हिशोब मांडून बघितला तर काय वाया गेलं? आधीच्या तेवढ्याच दिवसांत मी दोघांना भेटले होते, दोन्ही वेळा पाऊण तासाची कॉफी, आणि त्यातल्या एकाचं आडनावही मला आज आठवत नाही. अशा दोन कॉफी गेल्या. आपल्याकडे लग्नाच्या शोधाला स्पर्धा परीक्षेसारखं मानतात, एक अटेम्प्ट चुकला की वर्ष गेलं. पण परीक्षेत पेपर तपासणारा दमला तर निकाल चुकतो हेही आपल्याला माहीत असतं. इथे तपासणारेही आपणच आहोत.

दुसरा आक्षेप मला जास्त अस्वस्थ करतो. माझा एक मित्र सांगलीजवळच्या एका तालुक्याच्या गावी शिक्षक आहे, समलिंगी आहे. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम 377 बाबतचा निकाल दिला, पण त्याच्या गावात तो कुणालाही काही सांगू शकत नाही. मी उत्साहाने माझ्या रजेबद्दल बोलत होते तेव्हा तो म्हणाला, "तुझ्याकडे ऑफिस आहे, ट्रेकचा ग्रुप आहे, आत्या आहे. माझ्याकडे ॲप हे एकच दार आहे. ते बंद केलं तर मी दीड महिना कुणाशीच खरं बोलणार नाही." त्याचं बरोबर आहे. ज्याला बाहेर दुसरं दार नाही त्याने माझ्यासारखी रजा घेऊ नये. त्याने आमच्या त्या बोलण्यानंतर निम्मी रजा घेतली. नव्या लोकांना दिसणं बंद केलं, स्वाइप बंद केलं, पण ज्या तिघांशी वर्षभर ओळख आहे त्यांच्याशी बोलणं चालू ठेवलं. थकवा नव्या चेहऱ्यांच्या ओघाने येतो, ओळखीच्या माणसांनी नाही. त्याच्यासाठी तेवढं पुरलं.

आणि एक मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. रजा घेऊन तीन-चार आठवडे झाले तरी झोप लागत नसेल, जेवणात, कामात, मित्रांत, कशातच रस वाटत नसेल, तर प्रश्न ॲपचा नाही. तेव्हा डॉक्टरकडे जावं. सरकारची टेलिमानस ही मोफत हेल्पलाइन 14416 या नंबरवर आहे.

हे सगळं मी एकटीने शोधून काढलं, आणि इथेच मला हा प्रश्न खासगी वाटत नाही. थांबवण्याची सोय बहुतेक ॲपमध्ये आहे, पण ती सेटिंगच्या आत दोन-तीन पानं खाली असते. पैसे भरण्याचं बटण मात्र पहिल्या पानावर. आणि तुम्ही दोन दिवस ॲप उघडलं नाहीत की धूसर केलेला फोटो आणि "तुम्ही कुणाला तरी आवडलात" अशी सूचना. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 ला डार्क पॅटर्नविरोधी मार्गदर्शक तत्त्वं जारी केली. ग्राहकाला फसवणाऱ्या 13 प्रकारांची त्यात यादी आहे. सबस्क्रिप्शन रद्द करणं अवघड करून ठेवणं त्यात आहे, पुन्हा पुन्हा टोचणी लावणंही आहे. आपण हे नियम तिकिटाच्या किंवा किराण्याच्या ॲपबद्दल वाचतो. डेटिंग ॲपबद्दल कुणी तक्रार करत नाही, कारण तक्रार करायची तर आपण ते वापरतो हे सांगावं लागतं. ही लाज कंपन्यांच्या पथ्यावर पडते. माझी मागणी साधी आहे. थांबवण्याचं बटण पहिल्या पानावर असावं, थांबवताना तारीख विचारावी, त्या तारखेपर्यंत एकही सूचना येऊ नये, आणि प्रोफाइल थांबलं की पैसेही थांबावेत. जिममध्ये तीन महिन्यांचे पैसे भरल्यावर आजारी पडलं तर मेंबरशिप फ्रीझ करून देतात. इथे ते का नाही?

पाडव्याला मी ॲप परत घेतलं नाही. दिवाळीला कराडला होते, ओवाळणीच्या ताटासमोरच लग्नाचा विषय निघाला आणि मी दुखावले. दुखावलेलं असताना परत जायचं नाही, हा नियम मी स्वतःला आधीच घातला होता, म्हणून आठ दिवस पुढे ढकललं. परतले ती मंगळवारी, कामाच्या दिवशी, संध्याकाळी सातला. आठवड्यातून दोनदा, वीस मिनिटं, गजर लावून. एका वेळी तिघांपेक्षा जास्त जणांशी बोलणं नाही. दहा दिवसांत भेट किंवा निदान फोन झाला नाही तर नम्रपणे निरोप. वीस मिनिटं का, तर मी पाहिलं की पंधराव्या मिनिटाच्या पुढे मी नाव वाचणं सोडते. नाव न वाचता अंगठा हलला की तो माझ्यापुरता थांबायचा इशारा.

पहिल्या दिवशी एकही स्वाइप केला नाही. मेसेज उघडले. चौथ्या माणसाचा निरोप पाच आठवडे तिथेच पडून होता. "आई आता काठी घेऊन जिना उतरते. त्या दुसऱ्या माणसाला परत एकदा लिहा, सॉरीपेक्षा थोडं जास्त."

पूर्वी हे मी वरवर वाचून पुढे गेले असते. त्या संध्याकाळी माझी वीस मिनिटं दुसऱ्या माणसाला चार ओळी लिहिण्यात गेली. तीन वेळा खोडल्या. त्याच्या आईचं नाव मला माहीत नव्हतं, तेही मी लिहिलं.